बेड चारचा ई. कोलाय

जुलैतली गोष्ट. सकाळपासून पाऊस कोसळत होता, लॅबच्या दाराशी ओल्या छत्र्या उघड्या ठेवलेल्या, आणि मी रोजच्यासारखी आदल्या दिवशी जंतू वाढायला ठेवलेल्या प्लेटा वाचत बसले होते. आमचं हॉस्पिटल जिल्ह्याच्या ठिकाणचं, मध्यम आकाराचं. मायक्रोबायोलॉजीत मी, एक शिकाऊ रेसिडेंट, आणि दोन टेक्निशियन. त्यातल्या मोठ्यांना सगळं हॉस्पिटल काका म्हणतं. काकांनी तीसेक वर्षं प्लेटा बघितल्यात. ते फारसं बोलत नाहीत. एखादी प्लेट खटकली की ती माझ्यासमोर आणून ठेवतात आणि तिथेच उभे राहतात.

त्या दिवशी तसेच उभे राहिले.

"आयसीयू, बेड चार. लघवी," एवढंच म्हणाले.

बेड चारवर बासष्ट वर्षांचे एक शेतकरी होते. पक्षाघाताचा झटका, व्हेंटिलेटर, लघवीची नळी. दुसऱ्या एका रुग्णालयातून आमच्याकडे आले तेव्हाच नळी लावलेली होती, म्हणून पहिल्याच दिवशी लघवी कल्चरला आली होती. तेव्हा ई. कोलाय वाढला होता आणि मेरोपेनेम या औषधात भिजवलेल्या डिस्कभोवती, जंतू न उगवलेला, सत्तावीस मिलिमीटरचा स्वच्छ गोल होता. तेवीस किंवा त्याहून जास्त म्हणजे औषध चालतं, एकोणीस किंवा त्याहून कमी म्हणजे चालत नाही. सत्तावीस म्हणजे प्रश्नच नव्हता. आज, चौदाव्या दिवशी, पुन्हा ई. कोलायच होता, आणि गोल बारा मिलिमीटरचा.

मेरोपेनेम हे आमच्या हातातलं जवळजवळ शेवटच्या फळीचं औषध. ते दोन आठवड्यांत निकामी झालं हे वाईटच, पण खरं खटकलं ते शेजारच्या डिस्कवर. अमिकासिनभोवती गोलच नव्हता. सहा मिलिमीटर. डिस्कच सहा मिलिमीटरची असते, त्यामुळे सहा म्हणजे शून्य. जेंटामायसिन, तसंच. सेफ्टाझिडाइम, तसंच. पहिल्या दिवशी ही सगळी चालत होती. आणि या चौदा दिवसांत पेशंटला अमिकासिनचा एक थेंबही दिलेला नव्हता.

"लेबल?" मी विचारलं.

"दोनदा बघितलं. सिस्टरलाही फोन केला. नमुना त्याच बेडचा आहे."

लॅबमध्ये चमत्कारिक रिपोर्ट आला की पहिला संशय लेबलवर घ्यायचा, हा आमचा नियम. दहातले नऊ चमत्कार तिथेच संपतात. हा संपला नाही. दुसऱ्या दिवशी नवीन नमुना मागवला, त्यातही तोच जंतू, तेच गोल.

रेसिडेंट हुशार मुलगा आहे. त्याने लगेच उत्तर काढलं. "मॅडम, तिसऱ्या दिवसापासून मेरोपेनेम चालू होतं. म्युटेशन झालं असेल."

हे उत्तर आपल्याकडे बहुतेक जण देतात, डॉक्टरही. औषध दिलं, जंतूला सवय झाली, जंतू चिवट झाला. मी त्याला दोन्ही प्लेटांचे आकडे शेजारी शेजारी लिहायला सांगितले. मेरोपेनेम जंतूच्या भिंतीचं बांधकाम थांबवतं. अमिकासिन पेशीच्या आत जाऊन प्रथिनं बनवणारा कारखाना बिघडवतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एखाद्या जंतूच्या स्वतःच्या डीएनएत चूक होऊन मेरोपेनेमपासून सुटका मिळाली, तरी अमिकासिनसाठी वेगळी चूक लागेल, आणि ती टिकायला अमिकासिन दिलेलं असावं लागेल. इथे तीन दरवाजे एकाच रात्रीत फोडल्यासारखे दिसत होते. बाकीचं घर मात्र जसंच्या तसं. सिप्रोफ्लॉक्सासिन आधीही चालत नव्हतं, आताही नाही. नायट्रोफ्युरँटॉइन आधीही चालत होतं, आताही चालतंय. असं चित्र दिसलं की मला म्युटेशन आठवत नाही, कुणीतरी दिलेलं गाठोडं आठवतं.

देणारा कोण असावा याचा अंदाज होता. सहाव्या दिवशी याच पेशंटच्या श्वासनलिकेतल्या स्रावात क्लेबसिएला सापडला होता. मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर त्याच्या गुलाबी, ओलसर, फुगीर वसाहती काकांना आजही लांबून ओळखू येतात. त्याचा मेरोपेनेमचा गोल दहा होता. अमिकासिन सहा, जेंटामायसिन सहा. ताप होता, छातीच्या फोटोत नवीन डाग होता, म्हणून आयसीयूच्या सरांनी औषध बदललं होतं. म्हणजे जो गुण सहाव्या दिवशी क्लेबसिएलात होता, तोच चौदाव्या दिवशी ई. कोलायमध्ये. दोन वेगवेगळे जंतू, वेगवेगळी प्रजातीच काय, वेगवेगळा वंश. आईकडून मुलीकडे जाईल असा हा वारसा नव्हता. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेलं हे देणं होतं.

अंदाज आणि पुरावा यांत मात्र अंतर असतं. सोपं उत्तर आणखी एक होतं: पहिल्या दिवसाचा ई. कोलाय निघून गेला असेल आणि बाहेरून, कुणाच्या तरी हातावरून, दुसराच चिवट ई. कोलाय आला असेल. आयसीयूत हे सर्रास होतं. ते खोडायचं तर पहिल्या दिवसाचा जंतू हवा होता. दोन आठवड्यांपूर्वीचा, साधा, सगळ्या औषधांना जवळपास दाद देणारा ई. कोलाय कोण जपून ठेवतं?

काकांनी डीप फ्रीजर उघडला आणि खोक्यातून एक छोटी ट्यूब काढली. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली, झाकणावर तारीख आणि बेड नंबर. "बाहेरून आलेल्या पेशंटचे मी ठेवतो, महिनाभर," ते म्हणाले. मला हे माहीतच नव्हतं.

आधी एन्झाइमची तपासणी केली. पद्धत साधी आहे आणि मला फार आवडते. दोन मिलिलिटर ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात, लूपभर जंतू मिसळायचा, त्यात मेरोपेनेमची डिस्क टाकायची आणि चार तास ठेवायचं. जंतू जर औषध फोडणारं एन्झाइम बनवत असेल तर चार तासांत डिस्कमधलं औषध संपतं. मग ती डिस्क काढून, साध्या, दाद देणाऱ्या ई. कोलायच्या प्लेटवर ठेवायची. औषध शिल्लक असेल तर गोल पडतो, नसेल तर जंतू डिस्कला चिकटून वाढतो. पहिल्या दिवसाच्या जंतूने औषधाला हात लावला नव्हता, बावीसचा गोल पडला. चौदाव्या दिवसाच्या ई. कोलायने आणि क्लेबसिएलाने दोघांनीही डिस्क साफ रिकामी केली होती. ब्रॉथमध्ये ईडीटीए घातलं की दोघांचंही एन्झाइम लुळं पडत होतं. ईडीटीए जस्त ओढून घेतं, म्हणजे हे जस्तावर चालणारं एन्झाइम. आपल्याकडे अशा वेळी पहिलं नाव मनात येतं ते एनडीएमचं. शेजारच्या मेडिकल कॉलेजात जीन शोधणारी पीसीआर चाचणी करून घेतली, दोघांतही एनडीएमचा जीन निघाला. तिथल्याच पोरांनी दोन्ही ई. कोलायचे डीएनए ठसेही जेलवर शेजारी शेजारी पळवून दिले. पट्टे हुबेहूब जुळले. म्हणजे बाहेरून दुसरा कुणी आलेला नव्हता. तोच ई. कोलाय, तोच माणूस, खिशात नवीन हत्यार.

एनडीएमचा इतिहास ज्यांना माहीत असेल त्यांना इथे ओळखीचं वाटेल. हे एन्झाइम पहिल्यांदा सापडलं २००८ साली, स्वीडनमध्ये, भारतीय वंशाच्या एका पेशंटच्या लघवीतल्या क्लेबसिएलात. हा पेशंट त्याआधी दिल्लीत दाखल होता. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि नावात नवी दिल्ली आल्यामुळे आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. नावावर भांडताना त्या शोधातली खरी बातमी मागे पडली, असं मला तेव्हाही वाटलं होतं. त्याच पेशंटच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही तोच जीन होता. जीनने प्रजाती ओलांडली होती, आणि ती बहुधा माणसाच्या पोटात ओलांडली होती. आमच्या बेड चारवर तेच पुन्हा घडल्यासारखं दिसत होतं.

रेसिडेंटने मग योग्य प्रश्न विचारला. "पण मॅडम, गेला कसा? तीन रस्ते शिकवतात ना आम्हाला."

तीन रस्ते आहेत हे खरं. पहिला, ट्रान्सफॉर्मेशन: एक जंतू मरून फुटतो, त्याचा डीएनए आजूबाजूला सांडतो आणि दुसरा जिवंत जंतू तो उचलतो. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथने उंदरांना न्यूमोकॉकसचे निरुपद्रवी जिवंत जंतू आणि उष्णतेने मारलेले घातक जंतू एकत्र टोचले, उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात घातक जंतू जिवंत सापडले. मेलेल्याची विद्या जिवंताने उचलली होती. ती विद्या म्हणजे डीएनए, हे एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. न्यूमोकॉकस हा मुळातच असा वेचणारा जंतू आहे. घशातल्या निरुपद्रवी भाऊबंदांचे तुकडे उचलून, आपल्या जीनमध्ये ठिगळं लावून तो पेनिसिलिनला दाद देईनासा झाला. ई. कोलाय मात्र असा वेचत नाही. लॅबमध्ये त्याला डीएनए गिळायला लावायचं तर कॅल्शियम क्लोराइडमध्ये बर्फावर ठेवून उष्णतेचा झटका द्यावा लागतो. पेशंटच्या पोटात हे कोण करणार?

दुसरा, ट्रान्सडक्शन. इथे पोस्टमन असतो जंतूंना मारणारा विषाणू, फेज. जंतूच्या आत त्याची पिल्लं तयार होतात, प्रत्येकाच्या डोक्यात फेजचा डीएनए भरला जातो, आणि कधीतरी घाईत चुकून जंतूचाच तुकडा भरला जातो. तो फेज पुढच्या जंतूवर बसला की आपला डीएनए टोचण्याऐवजी आधीच्या जंतूचा टोचतो. झिंडर आणि लेडरबर्ग यांना हे १९५२ मध्ये साल्मोनेलात सापडलं. स्टॅफिलोकॉकसमध्ये पेनिसिलिन फोडणारा जीन बराचसा याच मार्गाने फिरतो. पण फेजच्या डोक्यात जागा ठरलेली, साधारण स्वतःच्या डीएनएएवढीच, आणि फेजला गिऱ्हाईकही ठरलेलं. क्लेबसिएलाच्या जाड आवरणावर बसायला शिकलेला फेज सहसा ई. कोलायवर बसत नाही.

उरला तिसरा, काँजुगेशन. यात दोघेही जिवंत लागतात आणि एकमेकांना चिकटलेले लागतात. देणारा जंतू एक बारीक दोरीसारखी पिली बाहेर टाकतो, ती शेजाऱ्याला अडकते आणि मग तो ती ओढून घेतो, विहिरीतून बादली ओढावी तशी. दोघे अंगाला अंग लावून आले की पूल तयार होतो. देणाऱ्याकडे मुख्य डीएनएशिवाय प्लाझ्मिड नावाची एक वेगळी गोल कडी असते. तिच्या दोन धाग्यांपैकी एक ठरलेल्या जागी कापला जातो आणि सुटत सुटत पलीकडे जातो. राहिलेल्या धाग्यावर इकडे नवीन जोडीदार बनतो, गेलेल्या धाग्यावर तिकडे. म्हणजे देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. वेळ किती? ई. कोलायचा अख्खा मुख्य डीएनए पलीकडे जायला सुमारे शंभर मिनिटं लागतात, त्या हिशोबाने मोठंसं प्लाझ्मिड दोन-तीन मिनिटांत पार होतं. आणि घेणाऱ्याला नुसतं औषध फोडायची विद्या मिळत नाही, ती पुढे द्यायची यंत्रणाही त्याच कडीत असते. कालचा घेणारा आज देणारा होतो.

"हे सगळं पुस्तकात आहे," रेसिडेंट म्हणाला. "आपल्या बाबतीत हेच झालं, हे कसं कळणार?"

मग आम्ही क्लेबसिएलाचं लग्न लावायचं ठरवलं. लॅबमध्ये आम्ही त्याला मेटिंगच म्हणतो.

खरं तर वर म्हणून पहिल्या दिवसाचा ई. कोलायच घ्यायला हवा होता. तो हाताशी होता, पण अडचण अशी की मेटिंगनंतर क्लेबसिएलाला मारून फक्त ई. कोलाय जिवंत ठेवेल असं औषध सापडेना. सिप्रोफ्लॉक्सासिनला दोघेही दाद देत नव्हते. हजारो क्लेबसिएलांच्या गर्दीत बदललेला एखादा ई. कोलाय हुडकणं म्हणजे वारीत हरवलेलं पोर शोधणं. म्हणून या कामासाठी जगभर वापरतात तो जे५३ नावाचा ई. कोलाय मागवला. तो बाकी सगळ्या औषधांना मरतो, पण सोडियम अझाइडला मरत नाही. क्लेबसिएला अझाइडला मरतो, मेरोपेनेमला नाही. प्लेटमध्ये अझाइड आणि मेरोपेनेम दोन्ही घातलं की एकटा जे५३ मरेल, एकटा क्लेबसिएला मरेल, आणि ज्या जे५३ने क्लेबसिएलाकडून विद्या घेतली तेवढेच उगवतील.

अझाइडबद्दल एक सांगते, कारण नवीन पोरं इथे चुकतात. ते सिंकमध्ये ओतायचं नाही. धातूच्या नळात साचलं तर स्फोटक क्षार बनतात. आमच्याकडे त्यासाठी वेगळी बाटली आहे, झाकणावर लाल पट्टी.

आदल्या संध्याकाळी दोघांना वेगवेगळ्या ब्रॉथमध्ये वाढायला ठेवलं. सकाळी ताज्या ब्रॉथमध्ये थोडे थोडे घालून तीनेक तास वाढवले, म्हणजे दोघेही तरुण आणि जोमात. मग एका ट्यूबमध्ये एकत्र केले आणि इन्क्युबेटरमध्ये न हलवता ठेवले. न हलवता हे महत्त्वाचं. रेसिडेंट सवयीने ट्यूब शेकरवर लावायला निघाला होता. पिली नाजूक असते, हलवलं की तुटते, आणि मग आपण म्हणतो प्रयोग चालला नाही.

तीन रस्त्यांचा निवाडा त्याच दिवशी लावायचा म्हणून आणखी ट्यूबा लावल्या. दुसऱ्या ट्यूबमध्ये तेच मिश्रण, पण वर डीएनेज घातलं, म्हणजे सांडलेला मोकळा डीएनए असेल तर तो खाल्ला जाईल. रस्ता ट्रान्सफॉर्मेशनचा असेल तर इथे काही उगवणार नाही. तिसऱ्या ट्यूबमध्ये क्लेबसिएला घातलाच नाही, त्याचा ब्रॉथ बारीक फिल्टरमधून गाळून फक्त पाणी घातलं. जंतू फिल्टरच्या वर राहतो, फेज आणि डीएनए खाली येतात. फेज पोस्टमन असेल तर इथे उगवायला हवं. शिवाय दोन ट्यूबा एकेकट्यांच्या, एक नुसता जे५३, एक नुसता क्लेबसिएला. चार तासांनी सगळ्यांमधून प्लेटा लावल्या, आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आधी रेसिडेंट येऊन बसला होता. प्लेटा टेबलावर मांडलेल्या, पण झाकण उघडलेलं नाही. माझी वाट बघत होता.

मिश्रणाच्या दहापट पातळ केलेल्या प्लेटवर बेचाळीस वसाहती. डीएनेज घातलेल्यावर एकोणचाळीस. गाळलेल्या पाण्याच्या प्लेटवर काहीच नाही. नुसत्या जे५३च्या प्लेटवर काहीच नाही. नुसत्या क्लेबसिएलाच्या प्लेटवर तीन.

त्या तीनांनी रेसिडेंटचा चेहरा पडला. पण त्या वसाहती बघितल्या तर ओलसर, फुगीर: तो क्लेबसिएलाच होता. कोटींच्या संख्येत पेरले की दोन-चार जण अझाइडपासूनही आपोआप सुटतात, हे खरोखरचं म्युटेशन. ही एकट्याची प्लेट लावली नसती तर आम्ही ते तीन वऱ्हाडात धरले असते. म्हणून मिश्रणाच्या प्लेटवरच्या वसाहती काकांनी एकेक तपासल्या. सपाट, कोरड्या गुलाबी वसाहतींतल्या पाच उचलून इंडोल लावलं. लाल कडं आलं पाचही ट्यूबांत. आमचा क्लेबसिएला इंडोल देत नाही, ई. कोलाय देतो. हे जे५३च होते.

हिशोब पाटीवर मांडला. प्लेटवर शंभर मायक्रोलिटर पसरलं होतं, तेही दहापट पातळ, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चार हजार दोनशे बदललेले. देणारे क्लेबसिएला मोजले तर मिलिलिटरला वीस कोटी. भागाकार केला तर साधारण पन्नास हजार देणाऱ्यांमागे एक. चार तासांत, काचेच्या ट्यूबमध्ये. ऐकायला कमी वाटतं. पण आतड्यात जंतू कमी नसतात आणि वेळ चार तासांचा नसतो.

मग बदललेल्या जे५३ला डिस्क लावल्या. मेरोपेनेमला गोल लहान, हे अपेक्षितच, आम्ही त्यावरच निवडला होता. अमिकासिनची डिस्क बघायला मात्र तिघेही वाकलो. सहा. जेंटामायसिन सहा. आम्ही अमिकासिन प्लेटमध्ये घातलंच नव्हतं, त्याच्यावर निवडलंच नव्हतं, तरी ते आलं होतं. दोन्ही विद्या एकाच कडीवर ओवलेल्या होत्या. एनडीएमच्या प्लाझ्मिडवर राइबोसोमला झाकून अमिकासिनचं काम बंद पाडणारा जीन असणं आपल्याकडे नवीन नाही. बेड चारवर मेरोपेनेम दिलं गेलं आणि अमिकासिन हातचं गेलं, त्याचं कारण समोर होतं.

आता रेसिडेंटच्या पहिल्या उत्तराकडे परत गेलो. मेरोपेनेमने जंतू चिवट बनवला का? नाही, बनवणारा क्लेबसिएला होता. पण मेरोपेनेम निर्दोषही नव्हतं. पन्नास हजारांत एखादाच ई. कोलाय बदलला असेल, तर तो गर्दीत हरवला असता, कुणालाही कळला नसता. औषधाने बाकीची गर्दी साफ केली आणि त्या एकाला रान मोकळं मिळालं. नंतर पेशंटचा गुदमार्गाचा स्वॅब मेरोपेनेम घातलेल्या मॅकॉन्कीवर लावला तर दोघेही, फुगीर आणि सपाट, एकाच प्लेटवर नांदत होते. मेटिंग तिथेच झालं असणार. तिथून ई. कोलाय नळीच्या वाटेने लघवीत चढला.

एवढं करूनही एक गोष्ट आमच्या प्रयोगाने सिद्ध होत नाही, आणि हे मी रेसिडेंटला लिहून ठेवायला लावलं. क्लेबसिएला हे प्लाझ्मिड देऊ शकतो, आणि दोघांमधली विद्या सारखी आहे, एवढंच कळलं. बेड चारच्या पोटात मध्ये तिसरा कुणी दलाल होता का, हे यातून कळत नाही. त्यासाठी दोन्ही प्लाझ्मिडं अक्षर अक्षर वाचावी लागतील.

संध्याकाळी आयसीयूच्या सरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न डॉक्टराचा होता: लघवीला काय देऊ? मी म्हटलं, काही नको. ताप लघवीमुळे नव्हता, पोट दुखत नव्हतं, नळी असलेल्याच्या लघवीत जंतू असतातच. नळी काढा. छातीतल्या क्लेबसिएलाला ते आधीच सेफ्टाझिडाइम-अव्हिबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनाम एकत्र देत होते. एनडीएमला ॲझ्ट्रिओनाम फोडता येत नाही. सोबतची इतर एन्झाइमं ते फोडतात, पण त्यांना अव्हिबॅक्टम धरून ठेवतं. महाग आहे, नातेवाइकांना तीनदा समजावून सांगावं लागलं, पण पेशंट सुधारत होता. पुढच्या आठवड्यात व्हेंटिलेटर निघाला.

मग इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर आल्या, वही घेऊन. बेड चारला वेगळं काढलं, शेजारच्यांचे स्वॅब लावले, बेसिनच्या जाळीचेही लावले. सिस्टरनी विचारलं, "मॅडम, शोधायचं काय? क्लेबसिएला की ई. कोलाय?"

साधाच प्रश्न होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. आम्ही वर्षानुवर्षं साथ शोधतो ती जंतूच्या नावाने. एकाच वॉर्डात तीन क्लेबसिएला आले की धावपळ. वेगवेगळे जंतू आले की सुस्कारा.

काकांना रजिस्टर आणायला सांगितलं. जूनची पानं उलटत गेले. बेड सहा, रक्त, एंटेरोबॅक्टर. मेरोपेनेम अकरा, अमिकासिन सहा, जेंटामायसिन सहा. बेड चारचे शेतकरी दाखल व्हायच्या आठवडाभर आधीची नोंद. शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: "वेगळा जंतू. सध्याच्या केसेसशी संबंध नाही." खाली माझी सही.

मी ती ओळ काकांना दाखवली. त्यांनी डीप फ्रीजरकडे बघितलंसुद्धा नाही.

"तो आपल्याच इथला पेशंट होता, मॅडम. बाहेरून आलेला नव्हता," ते म्हणाले. "आणि तुम्ही संबंध नाही लिहिलं, म्हणून मी प्लेट ऑटोक्लेव्हला टाकली."